‘सात’ आणि ‘साठ’ वेगळं ऐकू यायला हवं: वयस्कर आई-वडिलांसाठी स्मार्टफोन कसा निवडावा

आमचे आप्पा ७४ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांनी ३१ वर्षं काढली. मी पुण्यात असतो, त्यामुळे आमचं रोजचं बोलणं फोनवरच. गेल्या वर्षी मी त्यांना फोनवर सांगितलं, "संध्याकाळी सातची वेळ घेतलीय डॉक्टरांची." त्यांनी आठ ऐकलं. रिक्षा करून पोचले, तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. आठ दिवसांनी मी सोलापूरला आलो आणि घाईघाईत एक नवा फोन घेऊन दिला. दुकानात गाणं लावून बघितलं, सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा होता तो उचलला. तीन आठवड्यांनी आप्पा म्हणाले, "आवाज मोठा येतोय रे, पण तू काय बोलायलास ते कळंना झालंय."

त्या वाक्यानं माझी चूक माझ्या लक्षात आली. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यांदा फोन घेताना मी काय काय तपासलं ते इथे क्रमानं लिहितो, म्हणजे तुम्हाला दोनदा पैसे घालावे लागणार नाहीत.

## १. तक्रार नेमकी काय आहे ते आधी ओळखा

"ऐकू येत नाही" आणि "ऐकू येतं पण कळत नाही" या दोन तक्रारी आहेत आणि दोघींचा उपाय वेगळा. आई-वडिलांना सरळ विचारा. "मोठ्यानं बोल" असं ते नेहमी म्हणत असतील तर पहिली. "काय म्हणालास, परत सांग" असं म्हणत असतील आणि घरात टीव्हीचा आवाज त्यांना बऱ्यापैकी पुरत असेल, तर दुसरी.

दुसरी तक्रार का होते? वय वाढतं तसं कानाला बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं असेल तर हे लवकर आणि जास्त होतं. अशा कानाची तपासणी केली की आलेखात साधारण ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या आसपास खड्डा पडलेला दिसतो. आता आपल्या बोलण्याकडे बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते धडधाकट ऐकू येतात. पण स, श, च, फ, त, ठ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच हलकी. ती गळली की ‘साठ’चा ‘आठ’ होतो. बोलण्याचा आवाज पोचतो, पण शब्द पोचत नाही.

अशा कानाला नुसता आवाज वाढवून दिला तर स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दडपतात. शिवाय अशा कानाला एका मर्यादेपलीकडचा आवाज एकदम त्रासदायक होतो. आधी ऐकू येत नव्हतं आणि जरा वाढवलं की "ओरडू नको" म्हणतात, त्याचं कारण हेच. हट्टीपणा नसतो तो.

त्यामुळे फोनच्या आधी एकदा कान तपासून घ्या. मी आप्पांना सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात नेलं. मळ काढून ऑडिओमेट्री केली, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो ते मोजलं. खालच्या पट्टीत त्यांचं ऐकणं जवळजवळ ठीक निघालं, वरच्या पट्टीत बरंच कमी, आणि उजव्या कानापेक्षा डावा कान चांगला. हा शेवटचा मुद्दा साधा वाटेल, पण आप्पा आयुष्यभर फोन उजव्या कानाला लावत होते! कान बदलल्यावर जुन्याच फोनवर थोडा फरक पडला.

ऑडिओमेट्रीत घट खूपच असेल तर कुठलाही फोन ते भरून काढणार नाही. तिथे श्रवणयंत्रच लागतं, फोन त्यानंतर निवडायचा.

## २. फोन घेण्याआधी घरातला कॉल तपासा

ही पायरी फुकट आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात.

जुन्या पद्धतीच्या टूजी कॉलमध्ये आवाजाचा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. ‘स’ आणि ‘श’ ओळखू येण्यासाठी लागणारा बराचसा आवाज याच्या वर असतो. म्हणजे आधीच कान अधू, त्यात फोनही तीच व्यंजनं कापतो. फोरजीवरून जाणारा कॉल, ज्याला VoLTE किंवा दुकानात ‘व्होल्टी’ म्हणतात, तो एचडी आवाजात साधारण ७००० हर्ट्झपर्यंत नेतो. आप्पांसारख्या कानासाठी सगळ्यांत मोठा फरक इथेच पडतो, महागड्या फोनमध्ये नाही.

तुमच्या घरात कॉल कसा जातोय हे ओळखायची पद्धत: फोन लावा आणि कॉल चालू असताना स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे बघा. 4G किंवा 5G तसंच राहिलं, शेजारी VoLTE किंवा HD दिसलं, तर ठीक. कॉल लागताच 4G जाऊन E किंवा 2G आलं तर तो कॉल जुन्या पद्धतीनं चाललाय. मग सेटिंगमध्ये सिमच्या भागात VoLTE calls किंवा 4G calling असं बटन असतं, ते बंद असेल तर चालू करा. जिओचं जाळं फोरजी आणि फाइव्हजीचंच असल्यानं तिथे टूजीवर उतरायचा प्रश्न येत नाही. बाकीच्या कंपन्यांच्या सिमवर मात्र हे बघायलाच हवं.

आप्पांच्या बाबतीत अडचण सिमची होती. बारा वर्षांपूर्वीचं सिम, फोरजीच्या आधीचं. ते नव्या फोनमध्ये घातलं तरी कॉल जुन्याच पद्धतीनं जाणार. सिम बदलून घ्यायला फार खर्च येत नाही, पण दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच आधारसारखं ओळखपत्र घेऊन जावं लागतं. पूर्वी कुणीतरी आपल्या नावावर काढून दिलेली सिम अनेक घरांत आहेत. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर, sancharsaathi.gov.in वर, एका नावावर किती नंबर आहेत ते बघता येतं. दुसरी गोष्ट, सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक रोखण्यासाठी केलेला हा नियम आहे. म्हणजे त्या दिवशी बँकेचा ओटीपी येणार नाही. वीजबिल, गॅस, पेन्शनचं काम असेल तो दिवस सोडून सिम बदला.

मग घरातली रेंज. सेटिंगमध्ये About phone, त्यात SIM status उघडलं की Signal strength असा उणे आकडा दिसतो. उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या पुढे गेला तर आवाज तुटणार. आप्पा जिथे बसून बोलतात तिथे बघा, अंगणात नाही. आमच्या मधल्या खोलीत उणे ११४ होतं आणि पुढच्या ओसरीत उणे ९६. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून हा प्रश्न सुटतो. नसेल तर खुर्ची हलवा, आम्ही तेच केलं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. एचडी आवाज दोन्ही बाजूंनी लागतो. तुमचा फोन टूजीवर असेल तर वडिलांकडे कितीही चांगला फोन असून उपयोग नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मध्येही तो मिळेलच असं नाही. लावून बघणं हाच मार्ग.

## ३. दुकानात जाताना काय न्यायचं

आई-वडिलांना सोबत न्या, ही पहिली अट. फोन त्यांच्या हातात आणि त्यांच्या कानाला कसा बसतो, हे तुम्ही त्यांच्या वतीनं ठरवू शकत नाही. नवी पेठेत संध्याकाळी गर्दी आणि हॉर्न इतके असतात की कुठलीच परीक्षा नीट होत नाही. सकाळी दुकान उघडल्यावर जा. उन्हाळ्यात तर सकाळच बरी.

- त्यांचा रोजचा वाचायचा चष्मा, आणि असेल तर श्रवणयंत्र
- त्यांचं चालू सिम आणि जुना फोन
- वायरचा साधा इअरफोन
- आधार कार्ड
- मोठ्या अक्षरात लिहिलेले दहा शब्द, खालच्या परीक्षेसाठी
- दुसरा फोन असलेलं घरातलं एक माणूस

## ४. दहा शब्दांची परीक्षा

दुकानदार स्पीकरवर गाणं लावून दाखवतो. त्यावरून काही कळत नाही. गाणं मुख्यतः मागच्या किंवा खालच्या स्पीकरवर वाजतं, बोलणं कानाजवळच्या फटीतल्या स्पीकरमधून येतं, आणि दोन्हींचा फारसा संबंध नाही.

त्याऐवजी हे करा. दुकानदाराला सांगून शोकेसमधल्या चालू फोनमध्ये वडिलांचं सिम घाला. मी नीट समजावून सांगितल्यावर दुकानदारानं आनंदानं घालू दिलं, "काका, सावकाश बघा" म्हणत आप्पांना स्टूलही दिलं. सोबतच्या माणसाला रस्त्यापलीकडे किंवा शेजारच्या बोळात पाठवा. त्यांनी फोन लावून हे दहा शब्द, मध्ये थोडं थांबत, नेहमीच्या आवाजात वाचायचे:

सात, शाळा, आठ, फळा, साठ, काळा, पाठ, चाळा, ताट, काठ.

वडिलांनी ऐकलेला शब्द मोठ्यानं म्हणायचा, तुम्ही बरोबर-चूक टिपायचं. वाचणारा माणूस दिसता कामा नये, कारण कमी ऐकणारी माणसं ओठ बघून बरंच ओळखतात. आणि प्रत्येक फोनला शब्दांचा क्रम बदला, नाहीतर ते पाठ होतात. हे शब्द मुद्दाम असे घेतलेत की त्यांच्यातले स्वर जवळजवळ सारखे आहेत. फरक मुख्यतः व्यंजनांचा, म्हणजे नेमका तोच भाग तपासला जातो जो गळतो.

आमचे आकडे असे आले. जुन्या फोनवर, टूजी कॉलवर, दहापैकी ४. मी घेतलेल्या ‘मोठ्या आवाजाच्या’ फोनवर ५. नव्या सिमनंतर दुकानातल्या पहिल्या फोनवर ६, दुसऱ्यावर ८. त्या दुसऱ्या फोनला वायरचा इअरफोन लावल्यावर ९. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच होती, पंधरा हजारांच्या आतबाहेर.

दुसरा फोन चांगला का ठरला ते बघा, कारण तुम्हाला हेच शोधायचंय. त्याला स्टिरिओ स्पीकर होते. अशा फोनमध्ये कानाजवळचा स्पीकर हाच दुसरा स्पीकर म्हणून वापरतात, त्यामुळे तो सहसा जास्त ताकदीचा असतो आणि मोठ्या आवाजातही कमी फाटतो. त्याची फट लांब होती, म्हणून फोन कानावर जरा इकडेतिकडे सरकला तरी आवाज जात नव्हता. पहिल्या फोनची फट इतकी बारीक होती की आप्पांना दर वेळी कान शोधावा लागत होता. आणि दुसऱ्याला इअरफोनचं गोल भोक होतं. इअरफोननं दोन्ही कानांत आवाज जातो, दोन अधू कान मिळून एका कानापेक्षा बरंच जास्त ओळखतात. हे भोक हल्ली काही फोनना नसतं, विचारून घ्या.

त्याच कॉलमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी व्हायला हवी आणि कानापासून काढला की लगेच उजळायला हवी. काही स्वस्त फोनमध्ये यासाठी खरा सेन्सर नसतो, सॉफ्टवेअरनं अंदाज करतात. मग स्क्रीन चालूच राहते आणि गालानं म्यूट दाबलं जातं. वडील बोलत राहतात, पलीकडे शांतता. "फोन मध्येच बंद पडतो" अशा कित्येक तक्रारींमागे हा गाल असतो. पाच-सहा वेळा कानाला लावून-काढून बघा, एकदाही चुकला तर तो फोन बाजूला ठेवा.

श्रवणयंत्र कानामागे असेल तर फोन कानाच्या भोकाला न लावता यंत्राच्या माइकजवळ, म्हणजे कानाच्या वरच्या टोकाकडे धरायचा. शिट्टी वाजली तर फोन किंचित दूर. ही सवय दुकानातच करून बघितली तर बरं.

## ५. अक्षरांची परीक्षा

दुकानातले फोन इंग्रजीत असतात, म्हणून नावं तिथे दिसतात तशी देतो. Settings, मग Display, आणि तिथे Font size व Display size अशा दोन पट्ट्या. सॅमसंगमध्ये दुसरीला Screen zoom म्हणतात. पहिलीनं फक्त अक्षरं मोठी होतात. दुसरीनं बटनं, चित्रं, सगळंच मोठं होतं.

दोन्ही शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. मीही ओढल्या होत्या. मग बँकेच्या ॲपमधलं खालचं बटन स्क्रीनच्या बाहेर गेलं आणि आप्पांना वाटलं ॲप बिघडलं. माझा अनुभव असा की अक्षरांची पट्टी वरच्या टोकाजवळ आणि दुसरी पट्टी मूळ जागेपासून फक्त एक घर पुढे, हे जुळतं. Bold text असेल तर चालू करा, देवनागरीला त्याचा फार फायदा होतो.

आता फोनची भाषा मराठी करा आणि वडिलांना चष्मा लावून, कोपर वाकवून सहज धरतात तेवढ्या अंतरावर वाचायला द्या. इंग्रजी अक्षरं ज्या आकारात वाचता येतात त्याच आकारात मराठी वाचता येईलच असं नाही, कारण आपल्या ओळीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, जोडाक्षरं दाट असतात. एखाद्या मेसेजमध्ये ‘आशीर्वाद’, ‘मूर्ती’, ‘शुद्ध’ टाइप करून बघा. मोठा आकार केल्यावर काही फोनमध्ये वरचा रफार ओळीच्या कडेला कापला जातो. डायल करायचे आकडे, आलेला एसएमएस आणि व्हॉट्सॲप, या तीन जागा नक्की बघा. व्हॉट्सॲपची आपली वेगळी Font size आहे, Chats या भागात. ती Large करा.

स्क्रीन साडेसहा इंचांच्या वर असावी, पण वजन २०० ग्रॅमच्या आसपास थांबलेलं बरं. संधिवाताच्या बोटांना त्यापुढचा फोन दहा मिनिटं कानाला धरवत नाही. दुकानाच्या बाहेर सोलापूरच्या उन्हात एकदा वाचून बघा, आतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच फोन छान दिसतात. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर पांढरी स्क्रीन डोळ्यांवर चमकते. अशांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करून द्या आणि काय बरं वाटतं ते त्यांनाच ठरवू द्या.

## ६. बिल, आणि दुकानातच टाळायच्या दोन चुका

खोकं उघडल्यावर *#06# दाबा. दिसणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. KYM, एक जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस 14422 वर पाठवला की फोनची माहिती परत येते. वापरलेला फोन घेत असाल तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. साठवण १२८ जीबी घ्या, सकाळच्या शुभेच्छांची चित्रं कमी जागेचा फोन वर्षभरात भरून टाकतात. आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. वयस्कर माणसं फोन पाच-सहा वर्षं बदलत नाहीत.

दोन चुका टाळा. दुकानात लगेच काच लावून देतात. ती कानाजवळच्या फटीवर किंवा सेन्सरवर चढली तर तुम्ही मघाशी घेतलेल्या परीक्षेचा सगळा निकाल फुकट. काच लावल्यावर पुन्हा दहा शब्द ऐकवा. कव्हरही तसंच. खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं, ते झाकलं गेलं की वडिलांचा आवाज तुम्हाला दबका येतो आणि दोष रेंजला जातो.

बोटाच्या ठशावर मात्र विसंबू नका. आयुष्यभर सूत हाताळलेल्या किंवा विड्या वळलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आधारच्या यंत्रावरही त्या उठत नाहीत. आमच्या आईचं हेच होतं. सोपा, लक्षात राहणारा पिन ठेवा, जन्मसाल सोडून.

## ७. घरी आल्यावर

सॅमसंगमध्ये Display खाली Easy mode आहे, शाओमीत Lite mode, इतर काही कंपन्यांत Simple mode. त्यानं चिन्हं मोठी होतात आणि पहिलं पान मोकळं होतं. आधी ते लावा, मग अक्षरांचा आकार परत तपासा, कारण मोड बदलला की आकार बदलतो.

पहिल्या पानावर चार-पाच माणसांचे फोटो ठेवा, दाबलं की थेट फोन लागेल असे. विजेटच्या यादीत Direct dial असं मिळतं. आमच्याकडे मी, बहीण, शेजारचे काका आणि डॉक्टर. एवढेच. जास्त ठेवले तर चुकीचा फोन लागतो.

फोन उचलताना बोट सरकवावं लागतं, ते थरथरत्या, कोरड्या बोटाला जमत नाही. सॅमसंगच्या Accessibility मध्ये आवाज वाढवायचं बटन दाबून फोन उचलायची सोय आहे. आप्पांना तीच सगळ्यांत आवडली. उलट Power button ends call हे बंद ठेवा, फोन कानाला धरताना कडेचं बटन दाबलं जातं आणि कॉल तुटतो. तिथेच Touch and hold delay असतं, ते Long करा, म्हणजे बोट रेंगाळलं तरी चिन्हं हलत नाहीत.

इअरफोन वापरणार असतील तर एका कानाकडे आवाज झुकवायची पट्टीही Accessibility मध्ये आहे. सॅमसंगमध्ये Adapt sound नावाच्या भागात ‘६० वर्षांवरील’ असा पर्याय मिळतो, त्यात वरच्या पट्टीचा आवाज उचलला जातो. लावून दहा शब्द ऐकवा, फरक वाटला तर ठेवा.

कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच वाढतो, हे त्यांना शांतपणे तीनदा करून दाखवा. घंटीचा आवाज आणि बोलण्याचा आवाज वेगळे असतात, हे आपल्याला सवयीचं असतं, त्यांना नसतं. युपीआय नव्या फोनवर पुन्हा जोडावं लागतं आणि त्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, म्हणून सिम बदलल्यावरचे २४ तास संपल्यावरच ते करा. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

## ८. काही महिन्यांनी स्पष्टपणा कमी झाला तर

चार-पाच महिन्यांनी आप्पा पुन्हा "कळंना" म्हणू लागले. मी कान, सिम, रेंज सगळं आठवत बसलो. सोलापूरला आल्यावर फोन उजेडात धरला, तर कानाजवळच्या जाळीत कापसाचं तूस आणि धूळ बसलेली. ते अजूनही दुपारी जुन्या शेडवर मित्रांना भेटायला जातात. मऊ, कोरडा, नवा दात घासायचा ब्रश घेऊन फट खाली करून हलकेच झाडली. टाचणी घालायची नाही, जाळी फाटते. पाणीही नाही.

मग मी ओसरीतून बोळात गेलो आणि फोन लावून दहा शब्द वाचले. आठ बरोबर आले. ‘साठ’ला त्यांनी ‘साठ’ म्हटलं, ‘चाळा’ला पुन्हा ‘काळा’. आता दर वेळी सोलापूरला गेलो की ब्रश मारायचा आणि दहा शब्द वाचायचे, असं ठरवलंय. आठाच्या खाली आले तर आधी जाळी, मग काच, मग VoLTE ची खूण, आणि सगळं ठीक असेल तर पुन्हा कानाची तपासणी.